तडजोडीची रक्कम घ्यावी की कोर्टात लढावं? निर्णयवृक्ष मांडून पाहायची रीत

समोरचा पक्ष तडजोडीला तयार झाला की बहुतेक जण त्याचा आकडा आपल्या दाव्याच्या आकड्याशी ताडून पाहतात. येणं वीस लाख आणि हा सात देतोय, म्हणजे तेरा लाखांवर पाणी सोडायचं, असा हिशेब मनात होतो आणि प्रस्ताव तिथेच फेटाळला जातो. ही तुलनाच चुकीची आहे. सात लाखांच्या समोर वीस लाख नाहीत. समोर एक खटला आहे, ज्याच्या शेवटी वीस, बारा किंवा शून्य यांपैकी काहीही हाती येऊ शकतं. त्या खटल्याची आजची किंमत किती, हे काढायचं साधन म्हणजे निर्णयवृक्ष आणि अपेक्षित मूल्य. लागतात कागद, पेन आणि गुणाकार.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. एका छोट्या उत्पादकाने यंत्र बनवून विकलं. किमतीतले २० लाख येणं बाकी आहेत. खरेदीदार म्हणतो, यंत्र ठरलेल्या क्षमतेने चालतच नाही. दावा दाखल झाला आहे, उत्पादकाचा एक लाख खर्चही झाला आहे. आता खरेदीदार ७ लाख एकरकमी देऊन प्रकरण मिटवायला तयार आहे.

आधी फाटे शोधा

कागदाच्या डाव्या कडेला एक चौकोन काढा. तो तुमचा निर्णय. त्यातून दोन रेषा निघतात: तडजोड आणि खटला. तडजोडीची रेषा लगेच संपते, तिच्या टोकाला ७ लाख लिहा. खटल्याच्या रेषेवर मात्र जिथे जिथे गोष्ट तुमच्या हातात नाही, तिथे एक गोल काढायचा आणि त्यातून फाटे फोडायचे.

इथे दहा-पंधरा गोल काढायचा मोह होतो. प्रत्येक साक्षीदार, प्रत्येक अर्ज, प्रत्येक तारीख. ते करू नका. ज्या प्रश्नाच्या उत्तराने शेवटची रक्कम बदलते तेवढेच घ्या. आपल्या उत्पादकाच्या बाबतीत असे तीनच प्रश्न आहेत. यंत्र करारानुसार होतं असं न्यायालय मानेल का? मानलं, तर पूर्ण २० लाख देईल की काही त्रुटी धरून १२ लाखांवर आणेल? आणि निकाल बाजूने लागला, तरी पैसे प्रत्यक्ष वसूल होतील का? हा तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. निकालाची प्रत हातात आहे आणि समोरच्याच्या खात्यात काही नाही, अशी वेळ कुणावरही येऊ शकते.

मग शक्यता लिहा

खरी अडचण इथे आहे. वकिलाला विचारलं की उत्तर येतं, 'केस चांगली आहे.' हे उत्तर गुणाकारात बसत नाही. त्यांना असं विचारा: 'अशाच कागदपत्रांची आणि अशाच साक्षीदारांची दहा प्रकरणं असती, तर किती आपल्या बाजूने लागली असती?' अनुभवी वकील थोडे आढेवेढे घेतील, पण आकडा देतील. प्रत्येक फाट्याचा प्रश्न वेगळा विचारा. एकूण खटल्याबद्दल एकच आकडा मागितला, तर कोणती शंका कुठे धरली आहे ते कळत नाही आणि तीच शंका दोनदा मोजली जाते.

दुसऱ्या फाट्याचा आकडा 'पहिला फाटा आपल्या बाजूने गेला आहे' असं धरून द्यायचा असतो. न्यायालयाने यंत्र ठीक होतं असं मानलं याचा अर्थ आपला साक्षीदार पटला. तोच साक्षीदार रकमेबद्दलही बोलणार असेल, तर पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त धरावी लागेल.

स्वतःच्या आकड्यावर संशय घ्यायला सबळ कारण आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात काही संशोधकांनी लोकांना एकाच खटल्याची तीच कागदपत्रं दिली आणि न्यायाधीश किती रक्कम देतील याचा अंदाज विचारला. वादीच्या भूमिकेत बसवलेल्यांचा अंदाज प्रतिवादीच्या भूमिकेतल्यांपेक्षा बराच जास्त निघाला. ज्यांना आपली भूमिका कागदपत्रं वाचून झाल्यावर कळली, त्यांच्यात हा फरक खूपच कमी होता. म्हणून जमलं तर प्रकरणाशी संबंध नसलेल्या वकिलाला दोन्ही बाजूंची कागदपत्रं द्या आणि आपण कोणत्या बाजूचे ते न सांगता आकडा मागा.

आपल्या उदाहरणात आकडे असे आले: पहिल्या फाट्यावर ६० टक्के, पूर्ण रकमेची शक्यता ५० टक्के, वसुलीची ९० टक्के. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर वाईट वाटत नाही. पण एका रेषेवरच्या शक्यतांचा गुणाकार होतो. पूर्ण वीस लाख खरोखर हातात पडण्याची शक्यता ०.६ × ०.५ × ०.९, म्हणजे अवघी २७ टक्के.

टोकांवरच्या रकमा

हरल्यास समोरच्याच्या खर्चापोटी १ लाख द्यावे लागतील असं धरू. चार टोकं अशी होतात:

- २० लाख मिळतात: २७ टक्के
- १२ लाख मिळतात: २७ टक्के
- जिंकतो, पण वसुली होत नाही: ६ टक्के
- हरतो आणि १ लाख जातात: ४० टक्के

बेरीज शंभर येते का ते आधी पाहा. येत नसेल तर एखादा फाटा सुटला आहे किंवा दोनदा मोजला आहे. आता प्रत्येक रक्कम तिच्या शक्यतेने गुणा आणि बेरीज करा: ५.४ + ३.२४ + ० − ०.४ = ८.२४ लाख.

इथेच थांबलात तर खटला सात लाखांपेक्षा सरस दिसतो. पण अजून दोन गोष्टी वजा व्हायच्या आहेत.

पहिली वेळ. निकाल आणि वसुली मिळून तीन वर्षं लागतील असा अंदाज आहे. उत्पादक धंद्यासाठी १० टक्के व्याजाने पैसे उचलतो, म्हणजे तीन वर्षांनंतरचा एक रुपया त्याच्यासाठी आज ७५ पैशांचा आहे (१ भागिले १.१ चा घन). ८.२४ चे आजचे होतात सुमारे ६.१९ लाख. न्यायालय मधल्या काळाचं व्याज देईल असं वाटत असेल, तर ते आधीच टोकांच्या रकमांत मिळवा. या उदाहरणात ते धरलेलं नाही.

दुसरा, इथून पुढचा खर्च: वकील, तज्ज्ञ, प्रवास मिळून १.५ लाख. जिंको वा हरो, तो होणारच, आणि बराचसा सुरुवातीलाच, म्हणून पूर्ण वजा करायचा. उरले ४.६९ लाख. आधी खर्च झालेला एक लाख इथे कुठेच येत नाही. तडजोड केली तरी तो गेला आणि लढलं तरी गेला. 'एवढा खर्च केलाय, आता माघार कशी घ्यायची' हा विचार माणसाला साहजिक आहे, पण झाडावर त्याला जागा नाही.

म्हणजे ४.६९ लाखांच्या खटल्यासमोर ७ लाखांचा प्रस्ताव आहे.

आकडे हलवून बघा

४.६९ हा आकडा स्वतःच महत्त्वाचा नाही. एकाही टोकाला ती रक्कम नाही आणि ती कधी मिळणारही नाही. खरा उपयोग पुढे आहे: निर्णय फिरायचा असेल तर काय बदलावं लागेल? खटला तीन वर्षांऐवजी एका वर्षात संपला, तर मूल्य ५.९९ होतं. पूर्ण रकमेची शक्यता ५० वरून ८० टक्क्यांवर नेली, तर ५.६६. दोन्ही एकदम झालं, तर ७.१७, म्हणजे प्रस्तावाच्या किंचित वर.

पहिला फाटा एकट्याने हलवला, तर ८० टक्क्यांना दोन्ही पारडी समान होतात. आता वकिलाला विचारायचा प्रश्न फार सोपा झाला: 'यंत्र ठीक होतं हे सिद्ध होण्याची शक्यता दहात आठ आहे का?' नेमका आकडा सांगायला कचरणारे वकीलही या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू शकतात.

यंत्राची तपासणी तज्ज्ञाकडून करून घेतली तर? समजा अहवाल चांगला येण्याची शक्यता निम्मी आहे. चांगला आला तर पहिला फाटा ८५ टक्क्यांवर जाईल, वाईट आला तर ३५ वर येईल. ८५ टक्क्यांना खटल्याचं मूल्य ७.५८ लाख, म्हणजे प्रस्तावापेक्षा फक्त ५८ हजार जास्त. वाईट आला तर तडजोडच करणार. तेव्हा अहवालाने सरासरी फायदा होतो ५८ हजारांच्या निम्मा, २९ हजार. त्याहून महाग तपासणी निव्वळ या निर्णयासाठी परवडत नाही, आणि तोवर प्रस्ताव टिकला पाहिजे हे वेगळंच. अहवाल दाखवून समोरच्याकडून जास्त काढता येईल, असं वाटत असेल तर गोष्ट बदलते.

त्यासाठी समोरच्याचंही झाड काढून पाहा. खरेदीदार पहिला फाटा ५०-५० धरत असेल आणि त्याचा स्वतःचा पुढचा खर्च २ लाख असेल, तर हेच गणित केल्यावर त्याला खटला सात लाखांच्या आसपास पडतो. अंदाज बरोबर असेल तर तो सातवरून फार वर सरकणार नाही. साडेसात मागून पाहावं, बारा मागण्यात अर्थ नाही.

हे गणित कुठे अपुरं पडतं

अपेक्षित मूल्य ही सरासरी आहे. हजारो दावे हाताळणाऱ्या विमा कंपनीला सरासरीवर चालता येतं. उत्पादकाचा खटला एकच आहे आणि त्यात काहीच न मिळण्याची किंवा उलट भरावे लागण्याची शक्यता ४६ टक्के आहे. तेवढ्याने धंदा बंद पडणार असेल, तर त्याने ४.६९ पेक्षा कमी रक्कमही घ्यावी. उलट, एकाला सूट दिली की बाकीचे ग्राहकही पैसे अडवतील अशी भीती असेल, तर त्या नुकसानीचा अंदाज तडजोडीच्या टोकातून वजा करावा.

तुमच्याकडचा खर्चाचा नियमही बघून घ्या. इंग्लंडमध्ये 'भाग ३६' नावाच्या नियमाखाली दिलेला प्रस्ताव वादीने नाकारला आणि निकालात त्याहून सरस काही मिळालं नाही, तर प्रस्तावाची मुदत संपल्यानंतरचा प्रतिवादीचा खर्च सहसा वादीवर येतो, जिंकूनसुद्धा. असा नियम लागू असेल तर कमी रकमेच्या टोकांतून तो खर्च आधीच वजा करायला हवा.

प्रस्ताव हप्त्यांचा असेल, तर तडजोडीच्या रेषेवरही गोल काढा. समजा २ लाख आत्ता आणि ५ लाख दोन वर्षांनी. दुसरा हप्ता येण्याची शक्यता ९० टक्के धरली, तर त्याचे आजचे ३.७२ लाख होतात आणि सगळा प्रस्ताव ५.७२ चा ठरतो. अजूनही ४.६९ पेक्षा वर, पण फरक २.३१ वरून १.०३ वर आला. अशा वेळी रकमेवर घासाघीस करण्याआधी करारनाम्यात एक कलम घालून घ्या: हप्ता चुकला तर सूट रद्द आणि मूळ वीस लाखांतून मिळालेली रक्कम वजा जाता बाकी सगळी लगेच देय.