आख्यायिकेचा माग उलटा काढा

संगीतकाराचं चरित्र लिहिताना एखादा किस्सा दहा पुस्तकांत सापडला म्हणून तो दहा पुराव्यांनी सिद्ध होत नाही. बहुतेक वेळा नऊ जणांनी पहिल्याचंच उतरवलेलं असतं. म्हणून प्रत्येक किश्शाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधा. तो कोणी, कधी लिहिला आणि लिहिणारा तेव्हा तिथे होता का, हे टिपून ठेवा.

बेटहोफनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात म्हणजे ‘दारावर नियतीची थाप’, ही गोष्ट घ्या. माग काढला की आपण बेटहोफनचा सहायक आणि चरित्रकार आंटोन शिंडलर याच्यापाशी पोचतो. सिंफनी पहिल्यांदा वाजली १८०८ मध्ये, शिंडलरची बेटहोफनशी जवळीक झाली १८२० नंतर आणि त्याने लिहिलेलं बेटहोफनचं चरित्र आलं १८४० मध्ये. शिवाय बहिऱ्या झालेल्या बेटहोफनशी लोक ज्यांत लिहून बोलत, त्या संभाषणवह्यांत त्याच्या मृत्यूनंतर शिंडलरने स्वतःच्या नोंदी घुसडल्याचं १९७७ मध्ये उघड झालं. बेटहोफनचा शिष्य चेर्नी तर त्याच स्वरांचं मूळ एका पक्ष्याच्या शिळेत सांगतो.

अशी गोष्ट गाळू नका. ‘बेटहोफन म्हणाला’ऐवजी ‘शिंडलरने १८४० मध्ये लिहिलं, की’ असं लिहा आणि चेर्नीचं म्हणणं शेजारीच, तळटीपेत न ढकलता, द्या.