बेळगावात फिजिओथेरपी क्लिनिक गुगलवर आणायचं आणि रिव्ह्यू मिळवायचे ते असे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या क्लिनिकांची ही कामं मी बरीच वर्षं करतो आहे. नोंदणीचं काम एका दुपारचं आहे. क्लिनिक अडतं ते रिव्ह्यूंपाशी, आणि वाईट सल्ले मिळतात तेही तिथेच. म्हणून आधीच्या पायऱ्या भरभर सांगतो आणि खरा वेळ रिव्ह्यूंना देतो.

१. आधीची नोंद शोधा

नवीन नोंद करण्याआधी गुगल मॅप्सवर आपल्या क्लिनिकचं नाव, फोन नंबर आणि गल्लीचं नाव टाकून शोधा. एखाद्या पेशंटने जागा आधीच टाकलेली असू शकते. तशी सापडली तर `Claim this business` किंवा `Own this business?` दाबून तीच ताब्यात घ्या. Belgaum आणि Belagavi अशा दोन स्पेलिंगांच्या दोन नोंदी कराव्यात, म्हणजे दोन्ही शोधांत आपण दिसतो, असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यांचं ऐकू नका. २०१४ साली शहराचं नाव बदललं आणि गुगल दोन्ही नावं ओळखतं. दोन नोंदींमुळे फक्त रिव्ह्यू विभागले जातात.

२. नाव, कॅटेगरी, पिन

पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत. 'बेस्ट फिजिओ टिळकवाडी गुडघेदुखी पाठदुखी' असलं शेपूट जोडलं की नोंद सस्पेंड व्हायची वाट पाहायची. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळे आपल्याकडच्या पाट्या दोन-तीन लिप्यांत असतात. त्यात इंग्रजी नावाचं जे स्पेलिंग रंगवलंय, अक्षर न् अक्षर तेच नोंदीत भरा. मराठी आणि कन्नड मजकुराला सेवांच्या यादीत आणि ७५० अक्षरांच्या वर्णनात भरपूर जागा आहे.

कॅटेगरीच्या खान्यात `physio` टाइप करा आणि येणाऱ्या यादीतून आपल्या कामाला सर्वांत जवळची मुख्य म्हणून निवडा. `Hospital` निवडू नका. पिन गल्लीच्या तोंडाशी न ठेवता स्वतःच्या दारावर आणून ठेवा. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत पिन पन्नास पावलं चुकली तरी गुडघ्याचा पेशंट दुसऱ्याच्या पायऱ्या चढून परत जातो.

घरी जाऊन उपचार करत असाल तर सर्व्हिस एरियामध्ये वीसपर्यंत गावं भरता येतात. चंदगड महाराष्ट्रात असलं तरी तेही चालतं. मात्र तेवढ्याने चंदगडच्या शोधात तुम्ही वर येणार नाही. गुगल क्रम लावताना शोधाशी जुळणारं काम, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि क्लिनिकची ओळख एवढंच बघतं. अंतर तुमच्या हातात नाही. ओळख मात्र बरीचशी रिव्ह्यूंतून येते.

३. व्हिडिओ पडताळणी

सकाळी पेशंट यायच्या आधी उरका. व्हिडिओ सलग, न कापलेला हवा: रस्त्याचं नाव किंवा शेजारची दुकानं, मग आपली पाटी, किल्लीने शटर उघडताना हात, आत आयएफटी मशीन आणि ट्रॅक्शन टेबल, भिंतीवरचं केपीएमई नोंदणीपत्र. कुणाचा चेहरा किंवा पेशंटचं रजिस्टर दिसू देऊ नका. निकाल बहुधा पाच कामाच्या दिवसांत येतो.

वेळा भरताना अनंत चतुर्दशी आणि १ नोव्हेंबर यांच्या खास वेळा आताच टाकून ठेवा.

४. रिव्ह्यू

या टप्प्याने मला सर्वांत जास्त छळलं आहे, कारण यात तंत्र थोडं आणि माणसं जास्त.

पहिला प्रश्न कधी मागायचं हा. बहुतेक क्लिनिकं पैसे घेताना काउंटरवर मागतात. ती सगळ्यात वाईट वेळ, पेशंट तेव्हा फीचा विचार करत असतो. फिजिओथेरपीत डॉक्टरांना नसलेली एक सोय आहे. इथे सुधारणा पेशंटला स्वतःच्या अंगावर कळते, आणि ती कोणत्या दिवशी कळेल याचा अंदाज तुम्हाला असतो. खांदा आखडलेल्या बाईंचा हात ज्या दिवशी अंबाडा घालायला डोक्यामागे पोचतो, तो दिवस. वडगावच्या मागावर बसणारा विणकर पुन्हा दिवसभर पाठ न धरता बसू शकला, तो दिवस. त्या दिवशी तोंडी विचारा आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा. तोंडी न विचारता नुसती लिंक पाठवली तर ती वाचलीही जात नाही.

लिंक मिळवायला मालकाच्या खात्यात लॉगिन असताना गुगलवर आपलंच नाव शोधा आणि `Ask for reviews` दाबा. लिंक आणि क्यूआर दोन्ही तिथेच मिळतात. मी पाठवायला देतो तो मजकूर असा:

"नमस्कार काकू. आमच्याकडचा तुमचा अनुभव चार ओळींत गुगलवर लिहाल का? मराठी, कन्नड, काहीही चालेल. जे खटकलं तेही लिहा. आजाराबद्दल लिहायचं नसेल तर लिहू नका."

कन्नड पेशंटसाठी हाच मजकूर रिसेप्शनवरच्या कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. भाषांतराच्या ॲपमधून काढलेलं कन्नड लगेच ओळखू येतं.

आता आजी-आजोबांचं. येळ्ळूरच्या एका आजींचं उदाहरण घेऊ. गुडघा बदलल्यावर त्या दोन महिने येताहेत, नातू मोटारसायकलवरून आणतो. आजींकडे साधा फोन. अशा वेळी रिसेप्शनिस्ट क्लिनिकचा मोबाइल पुढे करते, "सांगा आजी, मी लिहिते". हे अजिबात करू नका. एकाच फोनवरून वेगवेगळ्या खात्यांचे रिव्ह्यू जाऊ लागले की गुगलची यंत्रणा ते बनावट धरते, आणि मग खरे रिव्ह्यूसुद्धा उडतात. नातवाने आजी बनून लिहिणंही नको. त्याने स्वतःच्या नावाने, स्वतः पाहिलेलं लिहावं: आजीला घेऊन यायचो, वेळेवर घ्यायचे, घरी करायचे व्यायाम मलाही शिकवले, आता आजी अंगणातल्या दोन पायऱ्या कठडा न धरता चढते. हा त्याचा खरा अनुभव आहे, आणि आईवडिलांसाठी क्लिनिक शोधणाऱ्याला नेमकं हेच वाचायचं असतं. त्याला घरी जाऊन, स्वतःच्या फोनवरून, निवांत लिहू दे.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे खूश पेशंटनाच लिंक पाठवा. आधी "समाधानी आहात का?" असा फॉर्म पाठवून फक्त 'हो' म्हणणाऱ्यांना पुढे गुगलवर नेण्याची सोय काही एजन्सी विकतात. निवडून फक्त चांगले रिव्ह्यू मागायला गुगलची मनाई आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात एक सेशन फुकट किंवा फीमध्ये सूट देणं हीही तीच गत. पकडलं गेलं तर गुगल नवे रिव्ह्यू घेणं काही काळ बंद करतं, जुने लपवतं आणि बनावट रिव्ह्यू काढल्याची सूचना नोंदीवर सगळ्यांना दाखवू शकतं. शेजारच्या गल्लीतल्या लोकांनी ती सूचना वाचली तर झालेलं नुकसान जाहिरातीने भरून येत नाही. उपचार पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला विचारा, एवढाच नियम ठेवा.

तिसरी गोष्ट वेग. क्यूआर छापून आल्यावर उत्साहात जुन्या रजिस्टरमधल्या सगळ्यांना एकाच दिवशी मेसेज टाकू नका. सहा महिने शांत असलेल्या नोंदीवर एका आठवड्यात ढीग पडला की संशय येतोच. आठवड्याला दोन-तीन आले तरी छान, पण ते दर आठवड्याला यावेत. स्टाफ, घरचे, भागीदार यांनी लिहायचं नाही.

"मी लिहिलंय, तुम्हाला दिसत नाही का?" असं पेशंट म्हणतील. लिहिणाऱ्याला स्वतःचा रिव्ह्यू दिसतो, इतरांपासून तो रोखलेला असू शकतो. त्यांच्याकडून रिव्ह्यूची शेअर लिंक घ्या आणि लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे दिसत नसेल तर काही दिवस थांबा. मजकुरात तुमचा फोन नंबर किंवा एखादी लिंक असेल तर ती काढून टाकायला सांगा. पुन्हा पुन्हा लिहायला लावू नका.

५. उत्तरं

प्रत्येक रिव्ह्यूला उत्तर द्या, ज्या भाषेत आला त्याच भाषेत. इथे एक कडक पथ्य आहे: आजाराचा उल्लेख तुमच्याकडून होता कामा नये, पेशंटने स्वतः लिहिला असला तरी. नातवाला उत्तर असं: "वेळ काढून लिहिलंत, आभार. घरच्यांनी व्यायाम समजून घेतले की आमचं काम सोपं होतं." गुडघा नाही, ऑपरेशन नाही, आजींचं नाव नाही.

खरी कसोटी वाईट रिव्ह्यूची. समजा कुणी एक तारा देऊन लिहिलं, "पाच दिवस पैसे घेतले, पाठ तशीच." लगेच हात शिवशिवतात की लिहावं, तुमची डिस्क सरकलीय, पाच दिवसांत कशी बरी होणार, शिवाय तुम्ही व्यायाम केलेच नाहीत. असं लिहिलंत तर पेशंटची माहिती तुम्ही चारचौघांत फोडली. त्याऐवजी: "तुम्हाला अपेक्षित फरक जाणवला नाही याचं वाईट वाटतं. किती दिवस लागू शकतात हे आम्ही पहिल्याच भेटीत लेखी देतो. ते नीट पोचलं नसेल तर क्लिनिकच्या नंबरवर फोन करा, पुन्हा बसून बोलू." हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढच्या वाचणाऱ्यासाठी आहे. आणि लेखी देत नसाल तर आधी द्यायला लागा, मगच हे वाक्य लिहा.

आपल्या भागात आणखी एक प्रकार येतो: कधीच पेशंट नसलेला कुणीतरी पाटीच्या किंवा बोलण्याच्या भाषेवरून एक तारा देऊन जातो, कधी या बाजूचा, कधी त्या. त्याच्याशी वाद घालू नका. राजकीय किंवा सामाजिक शेरेबाजी गुगलच्या नियमात विषयाबाहेरची ठरते. रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांतून `Report review` निवडा, कारण `Off topic` द्या. नाकारलं तर एकदा अपील करता येतं. पण "बाई रिसेप्शनवर कन्नडमध्ये बोलायलाच तयार नव्हत्या" असं खऱ्या पेशंटने लिहिलं असेल तर ती सेवेबद्दलची तक्रार आहे. ती रिपोर्ट करू नका, कन्नडमध्ये उत्तर द्या आणि रिसेप्शनवर दोन्ही भाषा येणारा माणूस बसवा.

६. बाकीच्या साइट

जस्टडायल, प्रॅक्टो, बिंग, ॲपल मॅप्स: नाव, पत्ता, फोन गुगलवर आहे तसाच्या तसा कॉपी करा. जस्टडायलवाल्यांचा पैसे भरून वर आणण्याचा फोन येईल. गुगलवरचे रिव्ह्यू नियमित यायला लागेपर्यंत त्यांना नाही म्हणा.