भाव दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील? सत्तरला दराने भागून पाहा

वर्षाला 6 टक्के महागाई असेल, तर आज 100 रुपयांना मिळणारी वस्तू 200 रुपयांची कधी होईल? बरेच जण 100 ला 6 ने भागतात आणि साधारण 17 वर्षं असं सांगतात. खरं उत्तर 12 वर्षं आहे. पाच वर्षांची ही चूक घरखर्चाच्या नियोजनात फार महागात पडते, म्हणून ती कुठून येते ते आधी बघू.

पहिल्या वर्षी 100 चे 106 होतात. दुसऱ्या वर्षीचे 6 टक्के या 106 वर लागतात, म्हणून भाव 112 न होता 112.36 होतो. हे 36 पैसे क्षुल्लक वाटतात, पण अशी भर दरवर्षी वाढत जाते. बारा वर्षांत नुसत्या सरळ बेरजेने भाव 172 वर पोचला असता. चक्रवाढीने तो 201 होतो. मधले 29 रुपये म्हणजे वाढीवर झालेली वाढ.

ही आकडेमोड दरवेळी करावी लागत नाही. 70 ला महागाईच्या टक्क्यांनी भागा, म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. 70 भागिले 6 म्हणजे 11.7. कॅल्क्युलेटरवरचं काटेकोर उत्तर 11.9 आहे, म्हणजे फरक दोनतीन महिन्यांचा. 70 हा आकडा येतो 2 च्या नैसर्गिक लॉगॅरिदममधून. तो 0.693 आहे, शंभरपट केला की 69.3. भागाकाराला सोपा म्हणून 70 धरतात.

आता पहिली पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड: कोणता दर घ्यायचा? बातमीत आलेला ताजा आकडा उचलू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये देशातली किरकोळ महागाई 6.21 टक्के होती. त्या हिशेबाने भाव 11 वर्षांत दुप्पट. बरोबर एका वर्षाने, ऑक्टोबर 2025 मध्ये, हाच दर 0.25 टक्के होता आणि त्या हिशेबाने 280 वर्षं लागतील! दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यातला प्रत्येक फक्त मागच्या बारा महिन्यांची गोष्ट सांगतो. नियमाला मात्र वर्षानुवर्षं टिकणारा दर लागतो.

तो काढायला हाच नियम उलटा वापरा. सरकारच्या ग्राहक किंमत निर्देशांकात 2012 या वर्षाची सरासरी 100 धरली होती. 2024 च्या अखेरीस तो 195 च्या आसपास होता, म्हणजे साडेबारा वर्षांत जवळपास दुप्पट. 70 भागिले 12.5 म्हणजे 5.6 टक्के. दुपटीला किंचित कमी पडतो, म्हणून साडेपाच धरा. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्के आहे, त्याने साडेसतरा वर्षं येतात. पण निवृत्तीचा हिशेब करताना मी लक्ष्यावर विसंबत नाही, 6 टक्के धरते. डॉक्टर-औषधं आणि मुलांची फी यांचा दर वेगळा काढावा. आपल्याच जुन्या पावत्या पाहा: फी किती वर्षांत दुप्पट झाली? त्या वर्षांनी 70 ला भागलं की तुमच्या घरचा दर हाती येतो.

दुसरी पायरी उदाहरणाने करू. वय 42, महिन्याचा खर्च 40,000, निवृत्ती 60 व्या वर्षी, दर 6 टक्के. सोयीसाठी दुपटीचा काळ 12 वर्षं धरू. म्हणजे 54 व्या वर्षी खर्च 80,000. उरली 6 वर्षं, म्हणजे अर्धा दुपटीचा काळ. इथे बरेच जण दीडपट करून 1,20,000 म्हणतात. अर्ध्या काळात भाव दीडपट होत नाहीत, 1.41 पट होतात, कारण 1.41 ला 1.41 ने गुणलं की 2 येतात. म्हणून उत्तर सुमारे 1,13,000. पुढे 72 व्या वर्षी 2,26,000 आणि 84 व्या वर्षी साडेचार लाख. राहणीमान तेच, फक्त भाव बदलले. पेन्शनची रक्कम कायमची ठरलेली असेल, तर 60 ते 84 मध्ये तिची खरेदीशक्ती एक चतुर्थांश उरते.

दर मोठा झाला की नियम चुकायला लागतो. 8 टक्क्यांच्या आसपास 70 ऐवजी 72 घेतलं तर उत्तर जास्त नेमकं येतं. 50 टक्क्यांना नियम 1.4 वर्षं सांगतो, प्रत्यक्षात 1.7 लागतात. अशा वेळी, किंवा खात्री करायची असेल तेव्हा, एक्सेलमध्ये हे लिहा आणि 0.06 च्या जागी आपला दर घाला:

```
=LN(2)/LN(1+0.06)
```