बॅटरीचा युनिटमागे खर्च काढताना या चुका टाळा

इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला दुकानात गेलं की तुलना अशी सुरू होते: दीडशे एएचची ट्यूब्युलर सोळा हजारांना, शंभर एएचची लिथियम अठ्ठावीस हजारांना. म्हणजे लिथियम एएच कमी देऊन पैसे जवळजवळ दुप्पट घेते, मग ती घ्यायची कशाला? यावर दुकानदार म्हणतो, "काका, लिथियम तीन पट टिकते, स्वस्तच पडते." दोघांचंही बोलणं अर्धवट आहे. एएच म्हणजे अ‍ॅम्पियर-तास, हे टाकीचं माप झालं. आपण पैसे मोजतो ते आयुष्यभरात त्या टाकीतून किती वीज बाहेर येईल त्याचे. वीज बिलात मोजतात तशीच ती युनिटमध्ये मोजायची.

हिशेब सोपा आहे:

```
युनिटमागे खर्च = (किंमत − भंगाराचे पैसे) ÷ (एका सायकलला मिळणारे युनिट × सायकल)
```

सायकल म्हणजे बॅटरी एकदा भरून वापरणं. एका सायकलला मिळणारे युनिट म्हणजे व्होल्ट गुणिले एएच भागिले हजार, आणि त्यातला जेवढा भाग आपण रोज उपसतो तेवढाच. या उपशाच्या टक्क्याला डीओडी म्हणतात. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे १.८ युनिट. अर्धी वापरली तर ०.९. इथपर्यंत कोणी चुकत नाही. चुका पुढे होतात.

एका ओळीतला डीओडी, दुसऱ्या ओळीतल्या सायकल

सोलरसाठीच्या ट्यूब्युलर बॅटरीच्या माहितीपत्रकात साधारण असं कोष्टक असतं: ८० टक्के डीओडीला १,५०० सायकल, ५० टक्क्यांना ३,०००, २० टक्क्यांना ५,०००. जाहिरातीत मोठ्या अक्षरात येतो तो शेवटचा आकडा. मग घरी बसून हिशेब होतो तो असा: १.८ युनिट, ८० टक्के वापर, पाच हजार सायकल, म्हणजे ७,२०० युनिट. सोळा हजार भागिले ७,२००, युनिटमागे सव्वादोन रुपये! महावितरणपेक्षा स्वस्त वीज साठवल्याचा आनंद इथेच होतो.

प्रत्येक ओळ स्वतंत्र धरून गुणाकार करा. ८० टक्क्यांच्या ओळीतून आयुष्यभरात २,१६० युनिट निघतात, ५० टक्क्यांच्या ओळीतून २,७००, आणि २० टक्क्यांच्या ओळीतून अवघे १,८००. म्हणजे बॅटरी जेवढी कमी वापरू तेवढी स्वस्त पडते, हा समजही खरा नाही. वीस टक्केच वापरायची तर तेवढ्याच विजेसाठी अडीच पट मोठी बॅटरी विकत घ्यावी लागते आणि युनिटचा दर उलट चढतो. ट्यूब्युलर ही लेड-अ‍ॅसिड बॅटरी, आणि तिची फायद्याची जागा निम्म्याच्या आसपास आहे.

आणि ती जागा इन्व्हर्टर आपोआप सांभाळत नाही. साधा इन्व्हर्टर लोड चालू असताना १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतो, तोवर बॅटरी जवळपास कोरडी झालेली असते. पन्नास टक्क्यांवर थांबायचं तर लोड आणि तास आपणच बेताचे ठेवायला हवेत. सकाळी लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून तासाभराने मीटर लावा. १२ व्होल्टच्या वर दिसत असेल तर रात्रीचा उपसा बरा आहे. त्याखाली रोज जात असेल, तर तुमची बॅटरी कोष्टकाच्या वरच्या ओळीत जगते आहे, मधल्या नाही.

माहितीपत्रकातलं तापमान तुमच्या खोलीत नसतं

तीन हजार सायकलचा आकडा २५ ते २७ अंशांच्या खोलीतला, आणि रोज पूर्ण चार्ज होणाऱ्या बॅटरीचा असतो. अकोला-यवतमाळकडे जिन्याखाली किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीला चार महिने ते तापमान दिसतच नाही. लेड-अ‍ॅसिडसाठी जुना ठोकताळा आहे की दर १० अंशांच्या वाढीला आयुष्य निम्मं होतं. शिवाय पावसाळ्यात सोलरवर बॅटरी आठवडा-आठवडा पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं, आणि तेवढी क्षमता कायमची गेली.

हे घडतंय का ते कळायला हायड्रोमीटर पुरे. स्वस्तातलं काचेचं भांडं आहे, पण व्होल्टमीटरपेक्षा खरं बोलतं. ट्यूब्युलर पूर्ण भरल्यावर सहाही सेलमध्ये घनता १.२४० च्या जवळ दिसायला हवी. रात्रभर चार्ज करूनही सगळे सेल १.२०० लाच अडकले असतील तर बॅटरी भरत नाहीये. सोलर पॅनेल कमी पडतंय किंवा चार्जरचा व्होल्टेज कमी ठेवलाय, ते आधी पाहा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल, तर तो सेल जायला लागलाय. मोजण्याआधी डिस्टिल्ड वॉटर नुकतंच घातलेलं नको, नाहीतर वरचं पाणी मिसळेपर्यंत आकडा खोटाच येतो.

म्हणून माझा नियम असा आहे की सायकल कोष्टकातून उचलायच्या नाहीत, वॉरंटी कार्डावरून उचलायच्या. ट्यूब्युलरवर "३६ + २४" असं लिहिलेलं असतं. त्यातले पहिले ३६ महिने बदलून मिळते, पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट. कंपनीलाही ती पाच वर्षांपलीकडे फार जाईल असं वाटत नाही. रोजच्या वापरात चार वर्षं, म्हणजे सुमारे १,५०० सायकल, हा मला प्रामाणिक आकडा वाटतो.

आता पूर्ण हिशेब

घर खेड्यातलं, वीज रात्रीची जाते ती सकाळी येते. दोन बीएलडीसी पंखे, वायफाय आणि थोडे एलईडी मिळून १०० वॉट, नऊ तास. बॅटरीतून रोज ०.९ युनिट जातात असं धरू.

ट्यूब्युलर १५० एएच, किंमत १६,०००. जुनी परत देताना भंगाराचे ४,००० आले तर खरा खर्च १२,०००. १,५०० रात्री गुणिले ०.९, म्हणजे १,३५० युनिट. युनिटमागे ८ रुपये ९० पैसे.

लिथियम, म्हणजे एलएफपी, १२.८ व्होल्ट १०० एएच, किंमत २८,०००. एकूण क्षमता १.२८ युनिट, त्यातले ०.९ म्हणजे ७० टक्के डीओडी, तिला सहज झेपणारं. ३,००० सायकल धरल्या, म्हणजे सव्वाआठ वर्षं. २,७०० युनिट मिळाले. भंगाराचं काही येईल असं धरलं नाही. युनिटमागे १० रुपये ४० पैसे.

यात एक गोष्ट राहिली. लेड-अ‍ॅसिडमध्ये एक युनिट काढायला साधारण सव्वा युनिट घालावं लागतं, एलएफपीला एकावर सात-आठ टक्के. वीज ८ रुपयांनी घेत असाल तर लेडच्या दरात २ रुपये वाढतात, एलएफपीच्या दरात साठ पैसे. बेरीज करा: १०.९० आणि ११ रुपये. बरोबरी!

किमती तुमच्या गावच्या टाका, उत्तर इकडे-तिकडे हलेल. पण एवढ्या जवळच्या दोन आकड्यांत निकाल किमतीवर लागत नाही, बॅटरी खरंच किती जगते यावर लागतो. तीच ट्यूब्युलर उन्हात आणि अर्धवट चार्जवर अडीच वर्षांत, म्हणजे ९०० सायकलला गेली, तर नुसता बॅटरीचा दर १४.८० होतो. एलएफपी २,००० सायकलला आटोपली तर १५.५० च्या वर. म्हणून एलएफपी घेताना "६,००० सायकल" या स्टिकरपेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि किती टक्के क्षमतेची हमी देते ते वाचा. बहुतेक ठिकाणी आयुष्य संपलं असं धरतात ते ८० टक्के क्षमता उरल्यावर. ७० टक्केच वापरणाऱ्याला ती त्यानंतरही चालते.

मोठ्या लोडवर लेडचे एएच कमी होतात

दीडशे एएच हा आकडा सहसा सी-२० चा असतो, म्हणजे साडेसात अ‍ॅम्पियरने वीस तास. वरच्या घराचा लोड त्याच्या जवळ होता म्हणून हिशेब जमला. तिथे ४०० वॉटचा लोड टाकला तर जवळपास ४० अ‍ॅम्पियर ओढले जातात आणि तीच बॅटरी ११० एएचच्या आसपासच देते. तुम्हाला वाटतं निम्मी वापरली, प्रत्यक्षात सत्तर टक्के गेलेली असते. एलएफपीत हा फरक फारसा पडत नाही. मिक्सर, पाण्याची मोटर, दुकानातला फ्रीज असं काही चालवणार असाल तर वरची बरोबरी मोडते आणि एलएफपी पुढे जाते.

जुन्या इन्व्हर्टरचा खर्च विसरणं

ट्यूब्युलर मोडमधला चार्जर मधूनमधून १५ व्होल्टपर्यंत चढतो. लेडला तो चालतो. एलएफपीचे चार सेल प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे १४.६ ची मर्यादा. त्यावर गेलं की आतलं बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं सर्किट, बॅटरी तोडतं. लक्षण ठरलेलं आहे: बॅटरी भरत आली की इन्व्हर्टर अचानक बॅटरीचा एरर दाखवतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो, आणि दुकानदार म्हणतो बॅटरी खराब आहे. आधी चार्जिंगचं सेटिंग बघा. लिथियम मोड नसेल तर इन्व्हर्टर बदलावा लागेल. त्याचे ८,००० धरले तर ३६,००० भागिले २,७००, म्हणजे थेट १३ रुपये ३० पैसे. इथे लेड सरळ जिंकते.

वीज क्वचित जाते तिथे युनिटचा हिशेबच लावणं

पुण्यात किंवा ठाण्यात सोसायटीत राहता, वर्षाला तीस वेळा वीज जाते, प्रत्येक वेळी ०.३ युनिट खर्च होतं. वर्षाला नऊ युनिट. इथे सायकल कधीच संपत नाहीत, बॅटरी वयाने मरते. ट्यूब्युलर सहा वर्षं टिकली तर ५४ युनिट, युनिटमागे २२२ रुपये. एलएफपी दहा वर्षं टिकली तर ९० युनिट, युनिटमागे ३११. दोन्ही आकडे हास्यास्पद आहेत, कारण इथे आपण वीज विकत घेत नाही, अंधाराचा विमा उतरवतो. अशा घरी वर्षाचा खर्च बघायचा: ट्यूब्युलरचे २,०००, एलएफपीचे २,८००. तीन हजार सायकलचे पैसे मोजून तीनशे वापरायच्या असतील तर ट्यूब्युलर घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी पाणी बघा. पाणी बघायचा कंटाळा असेल तर वरचे आठशे रुपये त्या कंटाळ्याचे.