कुंद्याच्या रीलखाली टोमणे आले, तर उत्तर कसं द्यावं

बेळगावच्या शहापुरातल्या एका मिठाईवाल्यानं कुंद्याची अर्ध्या मिनिटाची रील टाकली आहे असं समजू. वर ओळ आहे, ‘अस्सल बेळगावी कुंदा’, आणि पत्त्यात गावाचं नाव ‘बेळगावी’. संध्याकाळपर्यंत खाली कमेंट जमतात: ‘रंग बघून वाटतंय कुंदा कढईसकट जळला’, ‘पैसे मिळाले की सगळंच अस्सल’, ‘कन्नडात बोलायला काय होतं?’ आणि लगेच त्याच्याखाली, ‘बेळगाव लिहायला काय होतं?’

उत्तरं द्यायला एकच माणूस नेमा. मालक, त्याचा पुतण्या आणि रील करणारा असे तिघं तीन सुरांत लिहू लागले, की वाचणाऱ्याला ते दुकान न वाटता भांडण वाटतं. पुतण्यानं स्वतःच्या खात्यावरून गिऱ्हाईक बनून ‘एकदम भारी कुंदा’ लिहिणं तर नकोच. गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, तासाभरात कुणीतरी नातं काढतंच.

मग कमेंट वाचताना टोमणा बाजूला काढा आणि आत प्रश्न आहे का बघा. जळल्याच्या टोमण्यात प्रश्न आहे: हा रंग कशानं आला? लिहायच्या आधी भट्टीवरच्या कारागिराला विचारा. दूध आणि साखर बराच वेळ आटवली की रंग तपकिरी होत जातो; पण तुमच्याकडं खवा वापरतात का, रंग घालतात का, हे त्यालाच नक्की माहीत. त्यानं सांगितलं की असं लिहा: ‘दूध नि साखर आटवून आटवून हा रंग येतो, वरून रंग घालत नाही. करपलं तर कडवट लागतं. दुकानात या, आधी चव बघा, मग घ्या.’ यात हसणारी इमोजी नाही, ‘तुम्हाला काय कळतंय’ नाही. टोमणा मारणारा पटवून घेईल असं नाही. हे उत्तर त्याच्या मागून कमेंट वाचणाऱ्यांसाठी आहे.

कारागिरानं खवा घालतो असं सांगितलं तर तसंच लिहा. कॅप्शनमध्ये ‘फक्त दुधाचा’ असं काही चुकीचं गेलं असेल, तर कॅप्शन बदला आणि बदलल्याचं कमेंटमध्ये सांगून ती वर पिन करा. गुपचूप बदललंत तर आधीचा स्क्रीनशॉट कुणाच्या तरी फोनमध्ये असतो, आणि मग तोच फिरतो. ‘अस्सल’ या शब्दावर मात्र वाद घालत बसू नका. तो सिद्ध करता येत नाही. रीत सांगता येते.

पैशांच्या टोमण्याला सर्वांत साधं उत्तर खरं बोलणं. रील करणाऱ्याला पैसे किंवा फुकट माल मिळाला असेल, तर जाहिरात असल्याचं लेबल हवंच. जाहिरात मानक परिषदेनं 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी तसे नियम केले आहेत. लेबल राहिलं असेल तर आधी लावा, मग लिहा: ‘हो, जाहिरातच आहे. लेबल राहिलं होतं, आता लावलं.’ इथं सबबी सांगितल्या की पुढची प्रत्येक कमेंट तिथूनच सुरू होते.

आता भाषेचं. आपल्या भागात हे टाळता येत नाही, आणि मिठाईवाल्यानं सीमाप्रश्नाचा निकाल लावायला जाऊही नये. कन्नडवाल्याला कन्नडातच, पण घरातल्या किंवा शेजारच्या कन्नड जाणणाऱ्याकडून लिहून घेऊन उत्तर द्या. फोननं केलेलं भाषांतर लगेच ओळखू येतं. जमण्यासारखं असेल तरच ‘पुढच्या रीलला कन्नड सबटायटल देऊ’ म्हणा, आणि द्या. नावावरून बोलणाऱ्याला एवढंच: ‘2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे, म्हणून पत्त्यात तेच. बोलताना आम्हीही बेळगावच म्हणतो.’ दोघांनाही एकेकदाच. त्यांची आपसांत जुंपली तर मधे पडू नका. शिवीगाळ, जातीवरून किंवा धमकीचं लिहिलं असेल तर स्क्रीनशॉट ठेवून कमेंट काढा. नुसता टोमणा काढू नका. तोच तोच माणूस येत असेल तर इन्स्टाग्रामवर Restrict करा, मग तुम्ही मंजूर करेपर्यंत त्याच्या नव्या कमेंट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाहीत.

1 नोव्हेंबरच्या आसपास नवी रील टाकूच नये असं माझं मत. एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं काळा दिन. त्या दिवसांत कुंद्याखालीही तोच वाद येणार. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं त्या आठवड्यांचंही तेच. टाकायचीच असेल तर रात्री टाकून झोपू नका. उत्तर द्यायला बसलेला माणूस जागा असेल अशी सकाळची वेळ धरा.