प्रोजेक्ट वाचवणाऱ्या टीमला कौतुकपत्र लिहिताय? या चुका टाळा

उदाहरणादाखल पुण्यातली पंचवीस-तीस माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी घेऊ. चाकणचा एक कारखाना तिचा ग्राहक. कारखान्याचं बिलिंग जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचं आहे आणि तारीख ठरली आहे १ एप्रिल. ती मागेपुढे करणं अवघड, कारण नव्या आर्थिक वर्षाबरोबर बिलांची नवी मालिका सुरू होते. उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यामुळे दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद होऊन त्यावर आयआरएन, म्हणजे नोंदणीचा क्रमांक, यावा लागतो. तो आला नाही तर माल भरलेली गाडी गेटवरच उभी राहते.

पोर्टलशी जोडणीचा सगळा भाग एकाच मुलीने लिहिलेला. मार्चच्या मध्यावर ती आजारी पडली आणि महिनाभराच्या रजेवर गेली. उरलेल्या चौघांनी काम निभावलं, १ एप्रिलला बिलं निघाली. आता कंपनीच्या मालकांना किंवा डिलिव्हरी हेडला टीमला पत्र लिहायचं आहे. मन भरून आलेलं असतं, हात कीबोर्डवर असतात, आणि नेमक्या याच अवस्थेत लिहिलेली पत्रं नंतर डोकेदुखी होतात.

आजारापासून सुरुवात

बहुतेक मसुद्यांचं पहिलं वाक्य असं असतं: "आपली सहकारी अचानक डेंग्यूने आजारी पडल्यामुळे प्रोजेक्ट धोक्यात आला होता." या एका वाक्यात तीन गोष्टी बिघडतात. तिचा आजार तिला न विचारता सगळ्या कंपनीला कळला. आजार आणि धोका यांच्यामध्ये "मुळे" आल्यामुळे संकटाचं कारण ती ठरली. आणि तिने मार्चपर्यंत केलेलं काम गोष्टीतून गायब झालं. प्रोजेक्ट धोक्यात आला तो जोडणीचं ज्ञान एकाच माणसाकडे राहू दिलं म्हणून. ते नियोजन तिचं नव्हतं, पत्र लिहिणाऱ्याचं होतं.

तपासायची सोपी रीत अशी की, मसुदा झाल्यावर तो तिच्या जागी बसून वाचायचा. घरी पडल्या पडल्या मोबाईलवर हे पत्र वाचताना तिला "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला" असं वाटेल का? वाटणार असेल तर पहिला परिच्छेद काढून टाका. पत्रात "रजेवर असताना" एवढं पुरतं. रजा कसली, किती दिवसांची, हॉस्पिटल कुठलं, यातलं काही लागत नाही. "लवकर बऱ्या व्हा" ही ओळही सामूहिक पत्रात नको. तो फोन स्वतंत्र करावा, आणि त्याच फोनवर "टीमला पत्र लिहितोय, तुमचं नाव असं असं घेतोय, चालेल ना?" हेही विचारून घ्यावं.

"सर्वांनी अपार मेहनत घेतली"

हे वाक्य कुठल्याही टीमला, कुठल्याही वर्षी पाठवता येतं, म्हणून ते वाचणाऱ्याच्या मनाला चिकटत नाही. टीमला पत्रात शोधायचं असतं ते एकच: मी नेमकं काय केलं हे साहेबांना कळलं का?

ते कळायला लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी अर्धा तास खर्च करावा लागतो. मार्च १५ नंतरची कामांची तिकिटं उघडून बघा, कोणी काय बंद केलं ते दिसेल. मग चौघांनाही वेगवेगळं विचारा: "तुझं काम कोणामुळे सोपं झालं?" "तू काय केलंस?" असं विचारलं तर मराठी माणूस "काही विशेष नाही सर" म्हणून मोकळा होतो. दुसऱ्याबद्दल विचारलं की तोच सविस्तर बोलतो. तिकिटात न दिसणारं कामही इथेच सापडतं.

आपल्या उदाहरणात काय सापडलं? रजेवर गेलेल्या मुलीने जोडणीबद्दल तपशीलवार नोंदी लिहून ठेवल्या होत्या, म्हणून दीड वर्षाचा अनुभव असलेल्या डेव्हलपरला तिचा कोड वाचता आला. टेस्टिंग करणारीने जुन्या वर्षातली बिलं चाचणीच्या पोर्टलवर पाठवून बघितली आणि नवी सिस्टिम बिलाला `0001/26-27` असा क्रमांक देते आहे हे तिच्या लक्षात आलं. शून्याने सुरू होणारा बिल क्रमांक पोर्टल स्वीकारत नाही. हे १ एप्रिलला सकाळी कळलं असतं तर पहिलंच बिल परत आलं असतं. प्रोजेक्ट मॅनेजरने ग्राहकाच्या अकाउंट्स प्रमुखांना भेटून कामाची व्याप्ती कमी करून घेतली: पहिल्या आठवड्यात फक्त विक्रीची बिलं नव्या सिस्टिममधून, क्रेडिट नोट नंतर, ई-वे बिल तोवर पोर्टलवर हाताने. आणि सपोर्टचा मुलगा चार दिवस कारखान्यातच बसून होता.

माझ्या मते या सगळ्यात प्रोजेक्ट वाचवणारा निर्णय व्याप्ती कमी करण्याचा होता. पत्रांत मात्र तो हमखास राहून जातो, कारण "काम कमी केलं" हे कौतुकात लिहायला संकोच वाटतो. लिहा. ग्राहकाला वेळेवर "हे आत्ता नाही जमणार" सांगायला धैर्य लागतं, आणि पुढच्या अडचणीत कोणीतरी पुन्हा तसं सांगावं अशी तुमची इच्छा असेल तर त्याची नोंद झाली पाहिजे.

जागरणांचं कौतुक

"रात्रीचा दिवस केला", "घरदार विसरून झटले", "सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात हजर". लिहिताना हे फार छान वाटतं. वाचणारी बाकीची कंपनी यातून वेगळाच अर्थ घेते: इथे कौतुक जागण्याचं होतं. ज्याने सहाला घरी जाऊन काम वेळेत संपवलं त्याचं नाव अशा पत्रात फिकं पडतं. आपल्या उदाहरणात शून्याची चूक पकडणारी टेस्टर दुपारी चार वाजता, शांत डोक्याने काम करत होती.

दुसरी बाजू कोरडी पण महत्त्वाची आहे. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र हा लेखी पुरावा असतो. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. ती कागदपत्रं झालेली नसताना "आमच्या भगिनी रात्री दोनपर्यंत थांबल्या" असं अभिमानाने लिहून सही करणारे महाभाग आहेत. जादा वेळ काम झालंच असेल तर पत्रात जागरणाचं वर्णन करण्याऐवजी बदली रजा किती दिली आणि कधीपर्यंत घ्यायची ते लिहा.

तेच पत्र ग्राहकालाही

टीमला लिहिलेलं पत्र ग्राहकाला सीसी करायचा मोह आवरा. मोठ्या ग्राहकांच्या करारात महत्त्वाच्या व्यक्तींबद्दल कलम असतं: अमुक माणूस प्रोजेक्टवरून हलला तर आम्हाला कळवा, बदली माणूस द्या. तुम्ही मार्चमध्ये काय कळवलं होतं आणि पत्रात आता काय लिहिताय, हे ग्राहकाचा खरेदी विभाग शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतो. "जोडणीची माहिती फक्त तिलाच होती" हे वाक्य टीमसाठी कबुली असेल, ग्राहकासाठी ते पुढच्या वाटाघाटीतलं हत्यार आहे. ग्राहकाला वेगळं, छोटं पत्र जाऊ द्या. त्यात त्यांच्या अकाउंट्सच्या लोकांनी याद्या वेळेवर दिल्या याबद्दल आभार असावेत. असे आभार फारसं कोणी मानत नाही.

पैशांबद्दल एकच सांगतो. बोनस, बढती मंजूर झालेली नसेल तर पत्रात तिचा इशाराही नको. "योग्य दखल घेतली जाईल" याचा अर्थ चौघंही आपापल्या आकड्यात लावतात.

मग पत्र दिसतं कसं?

नावांच्या जागा रिकाम्या ठेवून देतो.

"नमस्कार,

१ एप्रिलला सकाळी चाकणच्या कारखान्यातून नव्या सिस्टिमचं पहिलं बिल आयआरएनसह निघालं आणि गाडी वेळेवर बाहेर पडली. मार्चच्या मध्यावर हे जमेल याची मला खात्री नव्हती.

पोर्टलशी जोडणी ____ यांनी उभी केली. त्या रजेवर असताना त्यांच्या नोंदी वाचून ____ यांनी ती पूर्ण केली. बिल क्रमांक शून्याने सुरू होतोय ही चूक ____ यांनी आठवडाभर आधी पकडली. ती राहिली असती तर पहिलंच बिल नाकारलं गेलं असतं. पहिल्या आठवड्यात काय करायचं नाही, हे ग्राहकाशी बोलून ठरवण्याचं काम ____ यांनी केलं. ते सगळ्यात अवघड होतं. आणि कारखान्यात बसून बिल करणाऱ्यांच्या शेजारी उभे राहिले ते ____.

एवढं ज्ञान एकाच व्यक्तीवर सोडणं ही नियोजनातली उणीव होती आणि ती माझ्याकडे येते. यापुढे प्रत्येक जोडणी दोघांना माहीत असेल. एप्रिलअखेरपर्यंत प्रत्येकाने दोन दिवस बदली रजा घ्यावी. मंजुरी दिलेली आहे."

एवढंच. तोंडी शाबासकी १ एप्रिललाच द्यावी, पत्र मात्र आठवडाभराने पाठवावं. पोर्टलवर आयआरएन रद्द करायला २४ तासच मिळतात, म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांतल्या चुका निस्तरायला वेळ लागतो. "यशस्वी" लिहिलेलं पत्र आणि चुकलेल्या बिलांची यादी एकाच दिवशी टीमच्या इनबॉक्सात पडू नये.

पत्र गेलं आणि काहीतरी बिनसलं

एखादं नाव राहिलं, तर त्या माणसाला आधी भेटा आणि मग त्याच सगळ्या लोकांना नवी मेल पाठवा. त्यात फक्त त्याचं काम असू द्या, तितक्याच तपशिलाने. मूळ पत्राला "आणि हो, यांचेही आभार" अशी शेपटी जोडली तर जखम वाढते. श्रेय चुकीच्या माणसाला गेलं असेल, तर ज्याला मिळालं त्यालाच विचारून दुरुस्ती करा. तो बहुधा स्वतःच अस्वस्थ असतो.

रजेवरून परतलेली मुलगी गप्प गप्प वाटली तर पत्र पुन्हा वाचा. तिचं नाव आहे, पण क्रियापदं सगळी इतरांची आहेत का? "त्यांच्या अनुपस्थितीत" असं तीनदा आलंय का? ते पाठवून झालेलं असतं, त्यामुळे उपाय पत्रात सापडत नाही. जोडणीचा पुढचा टप्पा, म्हणजे क्रेडिट नोटचं काम, तिच्याकडे परत द्या आणि डेव्हलपरला तिच्या जोडीला ठेवा.

राहिला कारखान्यात बसलेला सपोर्टचा मुलगा. असे लोक बरेचदा एजन्सीमार्फत कंत्राटावर असतात, आणि एचआर म्हणतं की त्याचं नाव पत्रात नको. नाव जरूर घ्या, मात्र त्याला "आमचा कर्मचारी" म्हणू नका, "सपोर्टचं काम पाहणारे" असं लिहा. आणि त्याच्या एजन्सीला दोन ओळींचं वेगळं पत्र पाठवा, कारण त्याची पगारवाढ तिथे ठरते.