ब्रँडच्या नावावरून वकिलाची नोटीस आली तर

समजा, ठाण्यात नौपाड्याला राहणारी एक ताई घरून ‘झुंबरी’ नावाने ऑक्सिडाइज्ड दागिने ऑनलाइन विकते. एके दिवशी स्पीड पोस्टाने नोटीस येते: हा आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, 7 दिवसांत वापर थांबवा, माल नष्ट करा, भरपाई द्या.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. समोरच्याला फोन करू नका, ‘सॉरी, माहीत नव्हतं’ असा मेसेजही पाठवू नका. तो उद्या कोर्टात कबुली म्हणून दाखवला जातो. 7 दिवसांची मुदत कायद्याने नाही, त्यांच्या वकिलाने घातलेली असते. तरीही गप्प बसू नका, कारण ते थेट कोर्टात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम मागू शकतात.

आता नोटिशीतला नोंदणी क्रमांक घ्या आणि ipindia.gov.in वर ट्रेडमार्कच्या अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या पानावर टाका. तिथे नीट बघायच्या गोष्टी तीन. Status समोर Registered आहे का? Objected किंवा Opposed असेल, तर नोंदणीच्या जोरावर दावा अजून करता येत नाही. मात्र त्यांनी बाजारात आधीपासून नाव कमावलं असेल, तर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे त्यांच्या नावावर आपला माल खपवल्याचा दावा तरीही होऊ शकतो. मग वर्ग, म्हणजे नोंदणी कोणत्या प्रकारच्या मालासाठी आहे ते बघा. दागिने वर्ग 14 मध्ये येतात. त्यांची नोंदणी फक्त कपड्यांच्या, म्हणजे वर्ग 25 ची असेल, तर उत्तराला जागा आहे, पण सुटका हमखास नाही. तिसरी गोष्ट User Detail, म्हणजे नाव कधीपासून वापरात आहे ते.

माझ्या मते सगळा निकाल या तारखेवर फिरतो. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, 1999 च्या कलम 34 नुसार त्यांचा वापर आणि त्यांची नोंदणी, या दोन्हींच्या आधीपासून तुम्ही नाव सतत वापरत असाल, तर ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. म्हणून पहिलं बिल, कुरियरची पावती, बॉक्स छापल्याचं बिल, जुन्या पोस्ट असं सगळं तारखेनुसार लावून वकिलाकडे द्या. सुरुवातीचं एकच बिल आणि मग दोन वर्षं काहीच नाही, असा पुरावा टिकत नाही.

ताईची पहिली विक्री त्यांच्या अर्जानंतरची निघाली, तर नाव सोडणंच शहाणपणाचं. पण शिल्लक 140 जोड झुमके नष्ट कशाला करायचे? नाव झुमक्यावर नाही, मागच्या कार्डावर आणि डबीवर आहे. तेवढं बदला. लिस्टिंगचं शीर्षक, टॅग, फोटोवरचा वॉटरमार्कही काढा. लोक हे टॅग हमखास विसरतात आणि दुसरी नोटीस त्यावरूनच येते.

उत्तर वकिलामार्फत, ‘सर्व हक्क राखून’ द्या. त्यात अमुक तारखेपासून नाव बंद करतो एवढंच लिहा आणि पॅकिंग बदलायला चार आठवडे मागा. त्यांनी पाठवलेल्या हमीपत्रात ‘उल्लंघन केल्याचे मान्य’ किंवा भरपाईचा आकडा असेल, तर तेवढं खोडून घेतल्याशिवाय सही करू नका.